सात मुले, एक शिक्षक, एक कप्पा : शाळेची सहल रेल्वेने नेताना

शाळेची सहल एसटीने निघाली की सगळी मुले एकाच डोळ्याच्या टप्प्यात असतात. बसला एक-दोनच दारे असतात आणि आपल्याशिवाय कोणी त्यात चढत नाही. रेल्वेत यातले काहीच नसते. डब्याला चार दारे असतात, आपल्या मुलांच्या शेजारी अनोळखी माणसे असतात, दर स्थानकावर माणसे चढतात-उतरतात आणि गाडी कोणासाठी थांबत नाही. त्यामुळे बसच्या सहलीची सवय असलेले शिक्षक रेल्वेच्या सहलीत गोंधळतात. चूक त्यांच्या काळजीत नसते, आखणीत असते.

सगळी आखणी एकाच गोष्टीभोवती करता येते. शयनयान डब्याच्या एका कप्प्यात आठ बर्थ असतात, म्हणून सात मुले आणि एक मोठे माणूस असा एक गट करायचा. मग तिकिटापासून घरी परतेपर्यंत तो गट मोडायचा नाही. मोजणी, झोपण्याच्या जागा, मुंबईतली बस, जेवणाची पंगत, सगळे याच गटाने. पन्नास मुलांवर एकाच वेळी नजर ठेवणे कुणालाच जमत नाही, पण सात मुलांची चेहऱ्यानिशी आठवण कोणीही ठेवू शकतो.

हे एका उदाहरणावर पाहू. इचलकरंजीतली एक शाळा आठवीच्या मुलांना मुंबईला विज्ञान केंद्र आणि वस्तुसंग्रहालय दाखवायला नेते आहे. मुले बेचाळीस, त्यांत एकवीस मुली आणि एकवीस मुलगे. सोबत तीन शिक्षिका, दोन शिक्षक आणि एक सेवक. एकूण 48 माणसे, म्हणजे बरोबर सहा कप्पे. गाडी कोल्हापूरहून रात्री निघून सकाळी मुंबईला पोहोचणारी महालक्ष्मी एक्सप्रेस.

कुठे चढायचे, कुठे उतरायचे

इचलकरंजीला जवळचे स्थानक हातकणंगले. तिथे चढणे सोयीचे वाटते, पण हिशोब करून पाहा. 48 माणसे दोन दारांतून चढली तर एका दाराला चोवीस. पाठीवर पिशवी घेतलेल्या मुलाला पायऱ्या चढून आत सरकायला चार सेकंद धरले तरी शंभर सेकंदांच्या आसपास जातात. उतरणारे प्रवासी आधी उतरणार, दारात कोणाची तरी मोठी बॅग असणार. दोन मिनिटांच्या थांब्यात शेवटची चार-पाच मुले फलाटावर असतानाच गाडी हलू शकते. म्हणून या शाळेने वीस-पंचवीस किलोमीटर जास्त जाऊन कोल्हापूरलाच गाडी पकडावी. गाडी तिथूनच सुटते, त्यामुळे ती फलाटावर उभी असताना घाई न करता चढता येते आणि नावे व जागा जुळवता येतात.

उतरतानाही हेच. दादरला उतरले तर वेळ वाचतो असे वाटेल, पण तिथे थांबा लहान आणि सकाळची गर्दी मोठी असते. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस हे शेवटचे स्थानक. तिथे सगळे उतरून जाईपर्यंत बसून राहायचे आणि मग गटागटाने उतरायचे. पुढच्या प्रवासासाठी बस आधीच ठरवून स्थानकाबाहेर उभी करावी. सकाळच्या गर्दीत बेचाळीस मुलांना लोकलमध्ये घालण्याचा विचारही करू नये.

ज्यांना मधल्या स्थानकावरच चढावे लागते, त्यांनी डबा फलाटावर कुठे येतो ते आधी विचारून घ्यावे आणि गट दोन दारांसाठी दोन ठिकाणी उभे करावेत. प्रत्येक दाराशी आधी एक मोठे माणूस चढेल, मग मुले चढतील आणि सर्वांत शेवटी दुसरे मोठे माणूस चढेल. सामान आत नीट लावण्यासाठी दारात थांबायचे नाही. आधी सगळे आत, मग सामान.

तिकिटे : साठ दिवस आधीचे काम

नोव्हेंबर 2024 पासून रेल्वेचे आगाऊ आरक्षण प्रवासाच्या साठ दिवस आधी उघडते. नेहमीच्या आरक्षणात एका अर्जावर सहाच नावे बसतात. बेचाळीस मुलांच्या पालकांनी आपापल्या मोबाइलवरून तिकिटे काढली तर मुले सात डब्यांत विखुरतील. म्हणून गटाचे आरक्षण करावे. शाळेच्या लेटरहेडवर मुख्याध्यापकांच्या सहीने अर्ज करायचा. त्यात सहलीचा हेतू, गाडी, तारीख, वर्ग आणि सर्वांची नावे, वय, लिंग लिहायचे. हा अर्ज आरक्षण केंद्राच्या पर्यवेक्षकांकडे द्यायचा. संख्या मोठी असेल तर मंजुरी विभागाच्या वाणिज्य कार्यालयातून घ्यावी लागते, म्हणून आरक्षण उघडण्याच्या दोन आठवडे आधीच चौकशी करून ठेवावी.

अर्जातल्या नावांचा क्रम हाही आखणीचा भाग आहे. सहा-सहाच्या हिशोबाने 48 माणसांची आठ तिकिटे होतात. आरक्षित तिकिटावर निदान एका प्रवाशाने मूळ ओळखपत्र दाखवावे लागते. सहा मोठी माणसे सहा तिकिटांवर एकेक करून टाकली तरी दोन तिकिटांवर फक्त मुलेच राहतात. मान्यताप्राप्त शाळेचे फोटो असलेले ओळखपत्र यासाठी चालते. म्हणून प्रत्येक मुलाकडे फोटोचे मूळ शालेय ओळखपत्र हवेच, मोबाइलमधला त्याचा फोटो पुरेसा नाही.

शैक्षणिक सहलीला विद्यार्थ्यांसाठी सवलत आहे. दुसऱ्या आणि शयनयान वर्गात मूळ भाड्यात पन्नास टक्के, अनुसूचित जाती-जमातीच्या विद्यार्थ्यांना पंचाहत्तर टक्के. त्यासाठी रेल्वेच्या ठरावीक नमुन्यातले प्रमाणपत्र मुख्याध्यापकांनी भरून द्यावे लागते. ही सवलत मूळ भाड्यावर असते, आरक्षण शुल्क किंवा सुपरफास्टचा अधिभार पूर्णच भरावा लागतो. हिशोब पालकांना सांगताना हे स्पष्ट सांगावे, म्हणजे नंतर वाद होत नाहीत.

लहान वर्गांच्या सहलीत आणखी एक नियम महत्त्वाचा ठरतो. पाच वर्षे पूर्ण ते बारा वर्षांखालील मुलाला अर्धे तिकीट मिळते, पण 2016 पासून ते स्वतंत्र बर्थशिवाय मिळते. बर्थ हवा असेल तर पूर्ण भाडे. रात्रीच्या प्रवासात पैसे वाचवायला अर्धी तिकिटे काढली तर दोन-दोन मुले एका बर्थवर झोपणार, त्यातला एखादा वरून पडणार. रात्रीची गाडी असेल तर प्रत्येक मुलाला बर्थ, यात काटकसर नको.

साठ दिवसांत कुणाला ताप येतो, कुणाच्या घरी लग्न निघते. त्यासाठी रेल्वेत सोय आहे. मान्यताप्राप्त शाळेच्या मुख्याध्यापकांनी गाडी सुटण्याच्या 48 तास आधी लेखी मागणी केली तर एका विद्यार्थ्याच्या जागी त्याच शाळेच्या दुसऱ्या विद्यार्थ्याचे नाव घालता येते. मात्र ही बदली एकदाच होते आणि एकूण गटाच्या दहा टक्क्यांपर्यंतच. 48 जणांत चार नावे. म्हणून प्रतीक्षायादीत चारच मुले ठेवावीत, त्यांची संमतीपत्रेही आधीच घ्यावीत. आणि एकाच्या नावावर दुसऱ्याला नेण्याचा मोह टाळावा. तिकिटावरचे नाव आणि बर्थवरचे मूल वेगळे असेल तर टीसीला दोष देता येणार नाही.

बर्थचा नकाशा

बर्थचा क्रमांक पाहून जागा ओळखण्याची सोपी युक्ती आहे. शयनयानात क्रमांकाला आठने भागायचे. बाकी 1 किंवा 4 उरली तर खालचा बर्थ, 2 किंवा 5 उरली तर मधला, 3 किंवा 6 उरली तर वरचा. बाकी 7 म्हणजे बाजूचा खालचा आणि बाकी शून्य म्हणजे बाजूचा वरचा. क्रमांक 31 घेतला तर तीन कप्पे संपून बाकी सात, म्हणजे चौथ्या कप्प्यातला बाजूचा खालचा बर्थ. क्रमांक 45 म्हणजे सहाव्या कप्प्यातला मधला.

गटातल्या मोठ्या माणसाने बाजूचा खालचा बर्थ घ्यावा. तिथून समोरचे सहा बर्थ आणि जाण्या-येण्याची वाट दोन्ही दिसते. रात्री वाटेतून जाणारा माणूस मुलांच्या आधी मोठ्या माणसाजवळून जातो. बाजूच्या वरच्या बर्थवर गटातले धीट मूल, खाली नेहमी लघवीला उठणारी मुले. झोपेत चालण्याची सवय असलेल्या, फिट येणाऱ्या किंवा उलटी होणाऱ्या मुलाला वरचा किंवा मधला बर्थ देऊ नये. हे कळण्यासाठीच संमतीपत्रात आरोग्याची माहिती मागायची असते.

मुलींचे तीन कप्पे मध्ये आणि मुलग्यांचे दोन्ही टोकांना ठेवले, तर दारांजवळची वर्दळ मुलींपासून दूर राहते. मुलींच्या प्रत्येक कप्प्यात शिक्षिका.

आता खरी अडचण. रेल्वे सलग सहा कप्पे देईलच असे नाही. दोन बर्थ दुसऱ्या डब्यात येतात, मधल्या कप्प्यात एखादे कुटुंब येते. तिकिटे हाती येताच सगळे क्रमांक कागदावर मांडून नकाशा करावा. सुटलेल्या जागा मोठ्या माणसांना द्याव्यात आणि प्रवासात त्या प्रवाशांशी किंवा टीसीशी बोलून बदलून घ्याव्यात. मुलांच्या जागांची अदलाबदल करायची असेल तर ती गाडी सुटण्याआधी. गाडी सुटल्यावर मुलांना परस्पर जागा बदलू देऊ नये, मोजणीचा पाया तोच असतो. कोणत्याही मुलाला दुसऱ्या डब्यात एकटे ठेवू नये. तशी वेळ आलीच तर निदान दोन मोठी माणसे आणि तीन-चार मुले मिळून जावे.

मधला बर्थ रात्री दहा ते सकाळी सहा या वेळेतच उघडता येतो. त्याआधी खालचा बर्थ सगळ्यांनी बसायचा असतो. दहानंतर मोठ्याने गप्पा, गाणी, अंताक्षरी बंद. हे नियम इतर प्रवाशांसाठी आहेत आणि आपल्या मुलांच्या झोपेसाठीही आहेत. सहा मोठ्या माणसांनी रात्रीच्या आठ तासांचे तीन भाग करावेत. दोघे जागे, चौघे झोपलेले, प्रत्येक जोडीत एक शिक्षिका. मध्यरात्रीनंतर पुणे येते. तिथे बरेच लोक चढतात-उतरतात, तेव्हा जाग्या जोडीने दोन्ही टोकांना उभे राहावे.

मोजणी कशी करायची

"सगळे आले का रे?" असे विचारून येणारे "हो"चे उत्तर म्हणजे मोजणी नव्हे. नसलेले मूल "नाही" म्हणू शकत नाही. फक्त डोकी मोजणेही धोक्याचे आहे. हलत्या गर्दीत एक मूल दोनदा मोजले जाते, मोठ्या माणसांचे डोके मुलांत धरले जाते आणि बेरीज चुकूनही 42 येऊ शकते.

म्हणून प्रत्येक मुलाला 1 ते 42 मधला कायमचा क्रमांक द्यावा. गट पहिला 1 ते 7, दुसरा 8 ते 14, असे. मोजताना मुले उभी राहून आपला क्रमांक मोठ्याने सांगतील आणि गटप्रमुख त्या चेहऱ्याकडे पाहत यादीवर खूण करेल. दुसऱ्याचा क्रमांक सांगणे हा सहलीतला सर्वांत मोठा गुन्हा, हे मुलांना घरून निघण्याआधीच सांगावे. मित्र स्वच्छतागृहात आहे म्हणून मायेने त्याचा क्रमांक सांगणारे मूल प्रत्येक शाळेत असतेच.

प्रत्येक गटप्रमुख "सात" असे मुख्य शिक्षकांना सांगेल, ते सहा वेळा ऐकून बेचाळीस झाल्याखेरीज कोणी हलायचे नाही. एका गटाने "सहा" सांगितले तर बाकीचे पाच गट जिथे आहेत तिथेच थांबतात. सगळे शोधायला धावले तर सुटलेले मूल सापडते आणि दुसरी दोन हरवतात.

किती वेळा मोजायचे? वेळेने नव्हे, जागा बदलली की मोजायचे. शाळेच्या दारात, फलाटावर, गाडीत बसल्यावर, गाडी सुटल्यावर, झोपताना, उठल्यावर, उतरण्याच्या अर्धा तास आधी, फलाटावर उतरल्यावर, बसमध्ये. प्रत्येक मोजणी वेळ आणि ठिकाण लिहून कागदावर नोंदवावी. मूल हरवले तर शेवटचे कुठे होते, हा पहिला प्रश्न पोलिसांना आणि आपल्यालाही पडतो. त्या कागदाने शोधाचा परीघ दोन तासांवरून वीस मिनिटांवर येतो.

पालकांचा निरोप स्थानकाबाहेर घ्यावा. फलाटावर चाळीस कुटुंबे आली की मुले पुन्हा आई-बाबांकडे जातात, डबा देतात-घेतात आणि मोजणी मोडते.

मूल मागे राहिले तर

हे प्रत्येक मुलाला आधी शिकवायचे आहे. गाडी सुटली तर तिच्यामागे धावायचे नाही, दुसऱ्या गाडीत चढायचे नाही. फलाटावरच थांबायचे आणि गणवेशातल्या रेल्वे पोलिसाकडे किंवा स्टेशन मास्तरच्या कार्यालयात जायचे. सदऱ्याच्या आत गळ्यात कार्ड हवे, त्यावर शाळेचे नाव, डबा, बर्थ, गाडीचा क्रमांक आणि दोन मोबाइल क्रमांक. बाहेर ठळक नाव लावू नये. अनोळखी माणूस नावाने हाक मारू लागला की मूल त्याला ओळखीचा समजते.

मोठ्यांनीही चालत्या गाडीतून उडी मारायची नाही. गाडी नुकतीच हलली असेल तर साखळी ओढावी. योग्य कारणाशिवाय साखळी ओढणे हा रेल्वे कायद्याच्या कलम 141 खाली गुन्हा आहे, पण मूल फलाटावर राहणे हे योग्यच कारण आहे. गाडी दूर गेली असेल तर लगेच टीसीला आणि 139 या क्रमांकावर सांगावे. ते मागच्या स्थानकाला कळवतात. एक मोठे माणूस पुढच्या थांब्यावर उतरून परत जाते, त्याच्या गटाची जबाबदारी आधीच ठरलेला जोडीदार घेतो. मुलांसाठीची हेल्पलाइन 1098 हीही पाठ असावी.

कागद का सोबत हवेत

कायद्याने अठरा वर्षांखालचे प्रत्येक जण बालक आहे, दहावीतला उंच मुलगाही. मुलांच्या तस्करीचा संशय आला तर रेल्वे सुरक्षा दल चौकशी करते आणि मुलांना बालकल्याण समितीपुढे हजर करते. हे त्यांचे कर्तव्यच आहे. मे 2023 मध्ये बिहारहून महाराष्ट्रात येणाऱ्या 59 मुलांना भुसावळ आणि मनमाड स्थानकांवर उतरवून निवारागृहात ठेवण्यात आले आणि सोबतच्या पाच जणांना अटक झाली. पुढे हा गुन्हा गैरसमजातून नोंदवला गेल्याचे पोलिसांनीच सांगितले आणि प्रकरण बंद झाले. तोवर मुलांचे दिवस घरापासून दूर गेले होते. सोबत मोठी माणसे असणे पुरत नाही, ही मुले आपल्याबरोबर का आणि कोणाच्या परवानगीने आहेत हे जागच्या जागी दाखवता आले पाहिजे, हा त्यातला धडा.

म्हणून मुख्य शिक्षकांच्या पिशवीत एक फाइल असावी : शिक्षण विभागाची परवानगी, मुख्याध्यापकांचे पत्र, मुलांची फोटोसह शिक्का मारलेली यादी, सर्व पालकांची संमतीपत्रे, मोठ्या माणसांची ओळखपत्रे आणि मूळ तिकिटे. मूळ तिकिटांखेरीज सगळ्याची एक प्रत दुसऱ्या गटप्रमुखाकडे आणि एक शाळेत. संमतीपत्रात गाडी, तारीख, मुक्काम, ॲलर्जी, चालू औषधे, तातडीच्या उपचाराची परवानगी आणि परतल्यावर मुलाला कोण नेणार हे लिहून घ्यावे.

प्रवासात मुलाशी कोणी गैरवर्तन केले तर "सहल बिघडेल" म्हणून ते दाबता येत नाही. 2012 च्या पॉक्सो कायद्याने अशी माहिती पोलिसांना देणे बंधनकारक आहे. मुलांनाही आधी सांगावे : अनोळखी माणसाकडून खाऊ घ्यायचा नाही, दारात उभे राहायचे नाही, स्वच्छतागृहाकडे जोडीनेच जायचे आणि जाताना गटप्रमुखाला सांगूनच.

भिंतीवर लावायची यादी

तीन महिने आधी
- तारीख, गाडी आणि चढण्याचे स्थानक ठरवणे
- शिक्षण विभागाकडे परवानगीचा अर्ज
- सात मुले आणि एक मोठे माणूस असे गट, प्रतीक्षायादीत चार मुले

साठ दिवस आधी
- लेटरहेडवर गट आरक्षणाचा अर्ज, सवलतीचे प्रमाणपत्र
- जाण्याचे आणि येण्याचे, दोन्ही आरक्षण

एक आठवडा आधी
- संमतीपत्रे पूर्ण, आरोग्याची नोंद गटप्रमुखांकडे
- बर्थचा नकाशा, गळ्यातली कार्डे
- मुलांना क्रमांक देऊन मैदानावर मोजणीचा सराव

दोन दिवस आधी
- नावे बदलायची असतील तर 48 तासांच्या आत नव्हे, त्याआधी अर्ज
- बस आणि मुक्कामाच्या ठिकाणी पुन्हा फोन

निघण्याच्या दिवशी
- फाइल, प्रथमोपचार पेटी, दोन शिट्ट्या, भरलेले मोबाइल, टॉर्च
- गाडीच्या किमान एक तास आधी स्थानक

परतल्यावर
- शाळेच्या दारात गटवार मोजणी
- संमतीपत्रात नाव असलेल्या व्यक्तीच्याच हाती मूल, सही घेऊन
- कोणी न्यायला आले नाही तर गटप्रमुख थांबेल, मूल एकटे रिक्षाने जाणार नाही

या यादीतली शेवटची ओळ सर्वांत जास्त वेळा मोडली जाते. रात्रभर प्रवास करून सकाळी शाळेत पोहोचल्यावर शिक्षक थकलेले असतात, "माझं घर जवळच आहे, सर" असे मूल म्हणते आणि त्याला जाऊ दिले जाते. पण मोजणीचा कागद तोवर बंद करता येत नाही. बेचाळिसाव्या क्रमांकासमोर पालकाची सही आली की मगच सहल संपते.